सूर्य मावळायच्या आतला उपमा

माझ्या उपम्याची आमच्या घरात बदनामी होती आणि ती खोटी नव्हती. नवरा ताट पुढे ओढायचा, चमच्याने उपम्यात उकरायचा आणि म्हणायचा, "बघू, आज किती लाडू निघतात." मग खरंच एखादी गुठळी सापडायची, सुपारीएवढी. तो ती ताटाच्या कडेला ठेवायचा, सगळ्यांना दिसेल अशी. मी चिडायचे. चिडले की माझ्या तोंडून माहेरची अहिराणी सुटते आणि फैजपूरच्या सासरी ती अर्धीच कळते, हे माझ्या पथ्यावर पडायचं.

मी धुळ्याकडची. आमच्या घरी सकाळी न्याहारी म्हणजे रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, लसूण-मिरचीची फोडणी घालून. रवा घरात यायचा तो शिऱ्यासाठी, तोही कुणाचा सत्यनारायण असला तर. उपमा मी लग्नानंतर शिकले, म्हणजे न शिकताच करायला लागले. आणि स्वभाव हा असा. पोळी तव्यावर टाकली की लगेच उलटायची. भाताला शिट्टी व्हायच्या आधी कुकर हलवून बघायचा. रवा भाजायला उभं राहायचं म्हणजे मला शिक्षा वाटायची. नुसतं हलवत राहायचं, कशासाठी? गॅस मोठा करायचा, कडेचा रवा तांबूस झाला की पाणी ओतून मोकळं व्हायचं, असा माझा कारभार.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक कापडदुकान आहे. खाली दुकान, वर घर. मारवाडी जैन कुटुंब, त्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. त्यांच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईंना अख्खी गल्ली माजी म्हणते. ऐंशीच्या पुढच्या असतील. माजींचं एक होतं, खोटं बोलायच्या नाहीत. दुपारी दुकानात गादीवर बसल्या आणि एखाद्या बाईने साडी पसंत केली की त्या सांगायच्या, "बेटा, याचा रंग जाईल. वरची घे." त्यांचा मुलगा कपाळाला हात लावायचा. पण म्हणूनच यावल तालुक्यातल्या बायका तिथे यायच्या, हेही खरं.

एकदा मी मोठ्या हौसेने त्यांच्याकडे उपम्याचा डबा पाठवला. कांदा न घालता केला होता, त्यांना चालेल असा. संध्याकाळी त्या गॅलरीत भेटल्या. मी विचारलं, "माजी, कसा झाला?"

"चव चांगली होती," त्या म्हणाल्या. "गुठळ्या फार होत्या."

एवढंच. वर काही नाही, खाली काही नाही. मी घरात येऊन भांडी अशी आपटली की नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण मला त्या आवडायच्या. मला सासू नाही. माझ्या लग्नाच्या आधीच त्या गेल्या. या घरात कुंकू कुठे ठेवायचं इथपासून लोणच्याची बरणी उन्हात कधी काढायची इथपर्यंत मला गॅलरीतून माजींनीच सांगितलं.

ते थंडीचे दिवस होते. दिवस लहान. चौदस होती, आणि चौदशीला माजींचा एकासणा असतो. म्हणजे दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचं. पाटावरून उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं. पाणी पण उकळून ठेवलेलंच, आणि तेही सूर्य मावळेपर्यंत. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून वर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. शिवाय चौदशीला हिरवं काही खायचं नाही. मिरची नाही, कोथिंबीर नाही, कढीपत्ता नाही. एरवी त्या दुपारीच जेवून घ्यायच्या. पण त्या दिवशी त्यांची नात पुण्याहून यायची होती, कितीतरी महिन्यांनी. माजी म्हणाल्या, पोरगी आली की तिच्याबरोबर बसेन. मुलगा आणि सून गाडी घेऊन भुसावळला स्टेशनवर गेले. घरी माजी एकट्या. डावा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, कारण मागच्या महिन्यात त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. आणि नुकतेच राहिलेले चार दातही डॉक्टरांनी काढलेले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माझा फोन वाजला. त्यांची सून. मागे हॉर्नचा गोंगाट.

"ताई, तापीच्या पुलावर केळीचा ट्रक आडवा झालाय हो! पुढे नाही, मागे नाही, आम्ही मधेच अडकलोय. ट्रेनच उशिरा आली, त्यात हे. माजी जेवल्या नाहीत अजून!"

"मग? मी काय करू, सांगा."

"काहीतरी मऊ करून द्या ना, सूर्य मावळायच्या आत. दूध त्यांना सोसत नाही. खाकरे चावता येणार नाहीत. आणि त्यांच्या गोळ्या पण जेवणाबरोबरच्या आहेत. मागच्या महिन्यात चौदशीला उपाशी राहिल्या होत्या, तेव्हाच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, रिकाम्या पोटी रात्र काढायची नाही म्हणून."

मी चप्पल न घालताच पळाले. जिना चढता चढता बघितलं, त्यांच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर, बरंच वर चढलेलं. माजी पाटाशेजारी खुर्चीत बसून माळ ओढत होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला बघून हसल्या.

"तुला कशाला त्रास दिला तिने. मी उपवास धरीन."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "खिचडी टाकते."

"खिचडीचं नाव काढू नकोस बेटा. दात काढल्यापासून आठ दिवस खिचडीच खातेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "उपमा कर. मऊ कर. वर टांगलेल्या कढईत कर, तूप त्या डब्यात आहे."

उपमा! सगळ्या जगात नेमका उपमा! पण तोंडाने मी म्हटलं, "आत्ता करते," आणि पदर खोचला.

त्यांचं स्वयंपाकघर माझ्या सवयीचं होतं. कढई चढवली, तूप घातलं, जिरं, थोडी उडदाची डाळ, एक सुकी लाल मिरची. एवढंच. एरवी माझ्या उपम्यात कांदा असतो, टोमॅटो असतो, मटार असतात, वरून कोथिंबीर, खोबरं, शेव. एखादी गुठळी त्या गर्दीत दबून जाते. इथे लपायला जागाच नव्हती. रवा घातला आणि गॅस मोठा केला. एक डोळा कढईवर, एक खिडकीवर. भिंतीवरचं ऊन नारिंगी व्हायला लागलं होतं. कडेचा रवा तपकिरी झाला, मधला पांढराच. मला वाटलं, झालं, पुष्कळ झालं. आता पाणी.

आणि तेव्हा मला वाटलं की माझ्याइतकी हुशार बाई खानदेशात नाही. कट्ट्यावर पितळेचं भांडं झाकून ठेवलेलं होतं, त्यात माजींसाठी सकाळी उकळून ठेवलेलं पाणी. म्हणजे पाणी उकळायचा वेळ वाचला! ते आधीच उकळून झालेलं आहे, त्यांना चालणारं आहे, भांडं हाताशी आहे. मी वाटीने मोजलं, मीठ टाकलं आणि सकाळपासून गार झालेलं ते पाणी कढईत ओतून दिलं.

कढई गप्प झाली. नाहीतर गरम रव्यावर पाणी पडलं की कसा आवाज येतो, चर्र करून वाफ उसळते. तसलं काही झालंच नाही. रवा एकदम गोळा झाला, ढवळायच्या सराट्याला चिकटला, इकडून फोडावा तर तिकडे दुसरा गोळा. मी सराट्याने दाबत राहिले, कढईच्या भिंतीवर चेपत राहिले. वरून मऊ दिसायला लागलं. मी स्वतःला सांगितलं, गरम गरम खाल्लं की कळणार नाही.

माजी भिंतीला टेकून पाटावर बसल्या. त्यांनी हात जोडून काहीतरी पुटपुटलं आणि घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं. दुसरा घास घ्यायच्या आधी त्यांनी ताटातली एक गुठळी बोटाने दाबली. ती फुटली आणि आतून कोरडा पांढरा रवा निघाला, जसाच्या तसा, पाणी त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं. त्यांनी तो उपम्यात कालवला आणि तसाच तोंडात घातला. बिचाऱ्या हिरड्यांनी काय चावणार?

"माजी, ठेवा ते! ठेवा ना! मी काढून घेते."

"ताटात घेतलेलं टाकायचं नसतं बेटा." त्या पुढची गुठळी दाबायला लागल्या.

आणि तेव्हा मला आठवलं. हे लोक ताट धुऊन ते पाणी पितात. ताटाला चिकटलेला कणही वाया घालवत नाहीत. म्हणजे मी वाढलेली प्रत्येक गुठळी त्या संपवणार होत्या. सुजलेल्या हिरड्यांनी, पोटात दिवसभर अन्न नसताना, कच्चा रवा. आणि पोट तर त्या मूठभर उपम्याने भरणारच नव्हतं.

"माय वं! बठ्ठं बिघडनं!" माझ्या तोंडून निघालंच. सगळंच बिघडलं होतं. मला रडू यायला लागलं होतं आणि राग पण येत होता, स्वतःचा, ट्रकचा, तापीवरच्या पुलाचा, सगळ्यांचा.

"ओरडू नको," माजी म्हणाल्या. "सूर्य आहे अजून?"

मी खिडकीत गेले. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर होता. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, ती बघितली, घड्याळ बघितलं.

"आहे. थोडाच आहे."

"मग दुसरा कर. मी बसले आहे. उठणार नाही."

त्या उठल्या तर संपलं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यामुळे त्या स्वयंपाकघरात येऊन बघू शकणार नव्हत्या. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या पाठीमागे होतं. मी म्हटलं, "माजी, मला जमत नाही हो. मला कधीच जमलेलं नाही."

"मला दिसत नाही, पण ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "आणि वास येतो. पाणी आधी ठेव. दुसऱ्या गॅसवर, मोठ्या. मीठ पाण्यातच टाक. एका वाटीला तीन वाट्या, मला मऊ लागतो."

मी पातेलं ठेवलं. दुसरी कढई घेतली, तूप घातलं, जरा सढळ हाताने. जिरं, उडदाची डाळ, मिरची. रवा.

"गॅस बारीक कर."

"माजी, वेळ नाही!"

"बारीक कर."

केला. सराटा हलवायला लागले. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि माझा नवरा आत आला. केळीच्या गाड्या भरून देण्याचं त्याचं काम, अंगाला केळीचा चीक आणि धूळ, पण दार उघडं दिसलं म्हणून वर आला होता. "काय करून राहिली तू इकडे?"

मी हलवता हलवता एका दमात सगळं सांगितलं. त्याने माजींच्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एरवी असता तर म्हणाला असता, लाडू किती? पण त्याने हात धुतले आणि पाण्याच्या पातेल्याजवळ उभा राहिला. "मी काय करू?"

"पाणी उकळलं की सांग. आणि मी म्हणेन तेव्हा ओत. आधी नाही."

"बरं."

मी हलवत होते. माझा हात आधी जड चालत होता. कच्चा रवा तुपात ओलसर होतो, सराट्याला लागून लागून फिरतो, गोळ्यागोळ्याने. हे मी जन्मात बघितलं नव्हतं, कारण मी कधी इतका वेळ बघितलंच नव्हतं. आमच्या पाठीमागून माजींचा आवाज आला, "तळाशी जाऊ दे सराटा. कडेचा मधे आण, मधला कडेला ने. खस खस वाजतोय, अजून कच्चा आहे."

"पाणी उकळलं!" नवरा ओरडला. "टाकू?"

"थांब!"

"अगं, खळखळायला लागलंय!"

"खळखळू दे!"

खिडकीतलं ऊन आता छताला लागलं होतं. टाकीच्या कडेला सूर्य टेकला होता. माझा फोन वाजायला लागला. नवऱ्याने उचलून स्पीकरवर टाकला. माजींची सून, पुलावरून. "ताई, जेवल्या का हो? इकडे सूर्य अगदी पाण्यापर्यंत आलाय!"

"जेवताहेत! फोन ठेवा!"

"टाकू का?" नवरा.

"नाही म्हटलं ना!"

तिघंजण माझ्या कानात, आणि सूर्य. मला त्या क्षणी इतकं टाकावंसं वाटलं पाणी! हातच शिवशिवत होता. कडेला एक दाणा तांबूस झाला होता, एरवी माझ्या हिशोबाने काम झालंच होतं. पण मधून सराटा अजून जरा अडखळत होता, हे मला पहिल्यांदाच हाताला कळत होतं. आणि मला माजींचं ते बोट दिसत होतं, गुठळी दाबणारं. मी दात आवळून हलवत राहिले.

आणि मग ते झालं. एकदम झालं, हळूहळू नाही. हातातला सराटा हलका झाला. रवा सुटा झाला, कढईत इकडून तिकडे सळसळत वाहायला लागला, तापीच्या कोरड्या वाळूसारखा. सराटा वर उचलला तर एक दाणा त्याला चिकटेना. आणि त्याच वेळी वास आला, तुपातला खमंग वास, बिस्किटाच्या भट्टीजवळून गेल्यावर येतो तसला. रवा जळला नव्हता, लालही झाला नव्हता, नुसता किंचित रंग बदलला होता. इतकी वर्षं मी रंगाची वाट बघत होते!

"वास उना!" मी किंचाळले. "माजी, वास उना!"

"आला, आला. मला पण आला," पाठीमागून माजी म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज चढला होता. "आता टाक. धारेने टाक. हात थांबवू नकोस."

"ओत!" मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने पातेलं उचललं, फडक्याने धरून. उकळत्या पाण्याची धार रव्यावर पडली आणि कढई फुत्कारली. चर्र! वाफेचा लोट वर आला, माझ्या मनगटावर दोन थेंब उडाले, मला कळलंसुद्धा नाही. मी एका हाताने ढवळत होते, नवरा ओतत होता, आणि रवा पाणी पीत होता. तहानेला माणूस पितो तसा, सगळीकडून एकदम. गोळा नाही. चिकटणं नाही. प्रत्येक दाणा आपला आपला फुगत होता. मी सराट्याने तळापासून वर काढून बघितलं, पुन्हा बघितलं.

"एक पण नाही," नवरा हळूच म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याच्या पाहणीत पहिल्यांदाच सगळ्या गाड्या वेळेवर भरून निघाल्या.

"झाक," माजी म्हणाल्या.

"सूर्य!"

"झाक, जरा वाफ येऊ दे. अर्धा कच्चा देशील मला."

मी झाकण ठेवलं आणि त्या झाकणाकडे बघत उभी राहिले. आयुष्यात मी इतका वेळ झाकण न उचलता राहिले नव्हते. नवरा खिडकीत गेला. "अर्धा दिसतोय," तो म्हणाला. मग, "अर्ध्याला कमी." मी झाकण उचललं. वाफ तोंडावर आली, वर पुन्हा एक चमचा तूप सोडलं, आणि ताटलीत वाढलं. ते उपम्यासारखं पडलं, सैल, मऊ, सराट्यावरून आपोआप घसरणारं.

माजींनी पहिलं ताट तोपर्यंत संपवलं होतं. सगळ्या गुठळ्या संपवल्या होत्या. मी दुसरं ताट ठेवलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी बोटाने दाबून बघितलं. बोट नुसतं आत गेलं. त्यांनी घास घेतला आणि त्यांच्या तोंडाला चावायची गरजच पडली नाही. त्या भरभर खायला लागल्या. ऐंशी पार केलेल्या बाईला इतकी भूक लागलेली बघून माझा जीव तुटत होता आणि त्याच वेळी मला उठून नाचावंसं वाटत होतं. मी फुंकर मारून गार करत होते, नवरा खिडकीतून सांगत होता, "आहे, आहे अजून, खा तुम्ही."

त्यांनी गोळ्या घेतल्या. पितळेच्या भांड्यातल्या उरलेल्या गार पाण्याचा एवढा राग मला आला होता, तेच आता त्यांना पेल्यात दिलं. त्यांनी ताटात पाणी घातलं, बोटाने फिरवलं आणि पिऊन टाकलं. ताट मी बघितलं, घासल्यासारखं स्वच्छ. मग त्यांनी हात जोडले.

"गेला," नवरा खिडकीतून म्हणाला.

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायच्या खटपटीत होतं. मी माजींच्या खांद्याला हात लावला तर त्यांनी माझा हात धरून नाकाजवळ नेला आणि हुंगला.

"आता हा वास लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "वेळेचं काही सांगता येत नाही. रवा जुना असतो, नवा असतो. कढई जाड असते, पातळ असते. वासाशिवाय काही खरं नाही."

"माजी, पहिल्या ताटातल्या गुठळ्या..."

"होत्या," त्या म्हणाल्या. "पुष्कळ होत्या." आणि मिश्किल हसल्या, दात नसलेल्या तोंडाने.

पहिल्या कढईत उरलेला उपमा आम्ही दोघांनी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ला, कारण त्या घरात तो टाकायची माझी हिंमत नव्हती. नवरा एक गुठळी चघळत राहिला, कितीतरी वेळ. गिळल्यावर म्हणाला, "हा घरचा." मी त्याला चापट मारली.

पुलावरचा ट्रक निघाला आणि ते लोक अंधार पडल्यावर पोचले. नात जिना धावतच चढली, बॅग तिथेच टाकून आजीच्या गळ्यात पडली. मग एकदम मागे सरली. तिचे डोळे भरलेले. "माझ्यासाठी थांबलीस ना तू? आईने सांगितलं मला. एकटीच होतीस दिवसभर, उपाशी?"

मी ओट्याजवळ होते. दुसऱ्या कढईतला उपमा पोरीसाठी ताटलीत काढत होते, ती रात्रीचं पाळत नाही, आणि खरं सांगायचं तर कान तिकडेच होते. मला वाटलं, आता माजी ट्रकचं सांगतील, गोळ्यांचं सांगतील, दोन कढयांचं सांगतील.

"पोटभर जेवले," माजी म्हणाल्या. "एकटी कुठे होते? घरात पोरगी होती ना माझी."

माजी खोटं बोलत नाहीत, हे मी वर सांगितलंच आहे. मी ताटली ठेवली, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. तो मी आधीच पुसला होता.